सदनिका पतीच्या नावे, पैसा दोघांचा : पत्नीचा हिस्सा किती?



या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न वरचेवर असतो, आणि तो विचारणाऱ्या बहुधा भगिनीच असतात. विवाहानंतर पतीच्या एकट्याच्या नावे घेतलेल्या सदनिकेत पत्नीला हिस्सा मागता येतो का? प्रश्न विचारताना बहुतेकींचा समज असा दिसतो की, विवाहानंतर जे घेतले ते अर्धे-अर्धे. चित्रपटांमुळे म्हणा किंवा परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांकडून ऐकलेल्या गोष्टींमुळे म्हणा, हा समज चांगलाच रुजला आहे. महाराष्ट्रात मात्र कायदा तसा नाही.

प्रथम आपल्याला कोणता कायदा लागू होतो ते पाहू, कारण अलीकडे त्याविषयीही संभ्रम झाला होता. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचा आधार घेऊन इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०२५ च्या आरंभी असे म्हटले की, जैनांना हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये तो निर्णय रद्द केला. हिंदू विवाह कायदा, १९५५ आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ या दोहोंच्या दुसऱ्याच कलमात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. अल्पसंख्याक दर्जाने त्यात काहीही बदल होत नाही.

या कायद्यांनुसार विवाहाने पतीची मिळकत पत्नीची होत नाही आणि पत्नीची पतीची होत नाही. पतीने स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावे घेतलेली सदनिका तो हयात असेपर्यंत त्याची असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ कडे काही जणी बोट दाखवितात. त्या कलमात विवाहसमयी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंचा विचार आहे. दहा वर्षांनी घेतलेली सदनिका सहसा त्यात बसत नाही. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मिळकतीतून पत्नीला वाटा द्यावा अशी तरतूद असलेले विवाहविषयक दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले होते. लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि व्यपगत झाले.

याला अपवाद आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातील दिवाणी संहिता अद्याप चालते. तेथे विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते आणि पत्नीचा अर्धा हिस्सा विवाहातूनच निर्माण होतो. ज्यांची कन्या गोव्यातील मूळ कुटुंबात दिली आहे त्यांनी हे ध्यानी ठेवावे. पण कोल्हापूर, सांगली, पुणे वा मुंबईतील कुटुंबाने केवळ मडगावला दुकान काढले म्हणून ही संहिता त्यास लागू होते असे नव्हे.

मग पत्नीच्या हाती काही नाहीच का? आहे, पण ते विवाहाच्या नात्यातून नव्हे, पैशाच्या वाटेने येते. सदनिकेच्या किमतीत पत्नीचा पैसा गेला असेल तर तो पैसा कोणत्या स्वरूपात गेला, हा खरा प्रश्न आहे. आणि व्यापारी कुटुंबांत या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाच्या कितीतरी आधी मुनीमजी किंवा सी. ए. साहेब लिहून ठेवतात. पत्नीचा पैसा पतीच्या वह्यांत तीन प्रकारे उतरू शकतो : भेट, कर्ज किंवा खरेदीतील वाटा. पैसा तोच, रक्कम तीच. परंतु तिन्हींची फळे अगदी भिन्न आहेत.

माझ्या बँकसेवेत पाहिलेल्या दोन-तीन प्रकरणांची मोट बांधून एक उदाहरण घेतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. २०१७ च्या दिवाळीत एका व्यापाऱ्याने साठ लाखांची सदनिका घेतली. करारनामा त्याच्या एकट्याच्या नावे. पंधरा लाख रोख भरणा, पंचेचाळीस लाख बँकेचे गृहकर्ज. पंधरापैकी सहा लाख पत्नीचे दागिने विकून आले. कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी, मासिक हप्ता सुमारे ३९,०५० रुपये. पत्नी शिक्षिका असल्याने बँकेने तिचे उत्पन्न जमेस धरले आणि तिला सहकर्जदार केले. दरमहा १५,००० रुपये तिच्या पगारखात्यातून पतीच्या खात्यात जात. सात वर्षांत ८४ हप्ते झाले, म्हणजे तिचे १२ लाख ६० हजार गेले. दागिन्यांचे सहा धरून १८ लाख ६० हजार. आता सदनिकेची किंमत नव्वद लाख आहे, आणि संसारात बिनसले आहे.

येथे पहिला गैरसमज दूर करतो, कारण बँकेच्या टेबलावर मी तो शेकडो वेळा पाहिला. सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत. कर्जाच्या कागदांवर सही केल्याने पत्नी ऋणको झाली, मालक नव्हे. सदनिकेचे सहमालक असलेल्या सर्वांना बँक सहकर्जदार करून घेते; परंतु सहकर्जदार असलेला प्रत्येक जण सहमालक असतोच असे नाही. या उदाहरणात सात वर्षांनंतरही सुमारे छत्तीस लाख ऐंशी हजारांचे कर्ज बाकी आहे आणि त्या संपूर्ण रकमेस ती जबाबदार आहे. अर्ध्याला नव्हे, संपूर्ण. पतीने हप्ता थकविला तर बँक तिच्याकडे येईल, तिची पतनोंद बिघडेल, आणि घर मात्र कागदोपत्री तिचे नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने बँकेचा करार सुटत नाही. सहीपूर्वी करारनाम्याचे पहिले पान उलटून ‘खरेदी करणार’ या शब्दांपुढे कोणाचे नाव आहे एवढे जरी तिने पाहिले असते, तरी पुढचे बरेच टळले असते.

आता दागिन्यांच्या सहा लाखांकडे वळू. दागिने हे स्त्रीधन, त्यावर तिची निरपवाद मालकी. अडचणीच्या काळी पतीने ते वापरले तरी ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा मांडली आणि त्या प्रकरणात पत्नीला पंचवीस लाख रुपये देवविले. तेव्हा दागिने तिचे होते हे सिद्ध झाले तर निदान त्यांची किंमत मिळण्याचा मार्ग मोकळा असतो. पण तिला किंमत नको, सदनिकेत वाटा हवा आहे. त्यासाठी सराफापासून बिल्डरपर्यंत पैशाची वाट दाखवता आली पाहिजे.

समजा, सराफाने सहा लाखांचा धनादेश तिच्या नावे दिला, तो तिच्या खात्यात जमा झाला आणि तिच्याच खात्यातून बिल्डरला गेला. मग किमतीच्या दहा टक्के रक्कम तिने खरेदीच्या वेळीच दिली हे स्पष्ट आहे, आणि दहा टक्क्यांची मालकी मागण्यास भक्कम आधार आहे. आजच्या दराने ते नऊ लाख होतात. पण बहुतेक घरांत असे होत नाही. दागिने सासूबाई किंवा पती सराफाकडे नेतात, बिल पतीच्या नावे होते, पैसा दुकानाच्या चालू खात्यात येतो आणि तेथून बिल्डरला जातो. वर्षअखेरीस सी. ए. साहेब विचारतात, ‘हे सहा लाख कसले?’ पती सांगतो, ‘घरचेच आहेत.’ आणि भांडवल खात्यात ओळ पडते : ‘पत्नीकडून भेट’.

ही एक ओळ फार महाग पडते. भेट म्हणजे परत न घेण्यासाठी दिलेले. पती-पत्नीतील भेटीवर प्राप्तिकर नाही म्हणून ही नोंद सोपी वाटते आणि सर्रास केली जाते. त्यात कोणाचा कपट असतो असेही नाही. परंतु उद्या पतीचे वकील तीच विवरणपत्रे न्यायालयात ठेवतील. ती नोंद तिने केलेली नाही, तिच्या सहीचे भेटपत्र नाही, असा प्रतिवाद तिला करता येतो. तरीही वर्षानुवर्षे तशीच चाललेली नोंद पुसणे कठीण जाते.

दुसरा प्रकार कर्जाचा. ताळेबंदात तिचे नाव ‘विनातारण कर्ज’ या सदराखाली आले तर ती पतीची धनको झाली. तिला सहा लाख आणि ठरले असेल तर व्याज मिळेल. सदनिकेची किंमत साठाची नव्वद झाली याचा लाभ मिळणार नाही. शिवाय उसन्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पतीने मुदतीच्या आत ताळेबंदावर वा अन्य कागदावर सही करून बाकी मान्य केली तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून कर्ज म्हणून दिले असेल, तर दरवर्षी ३१ मार्चला बाकी कबूल असल्याची सही घ्यावी. पतीकडून सही घ्यायला संकोच वाटतो हे मी जाणतो. भावाभावांत खाते मिळवून सही घेताना आपल्याला तो वाटत नाही.

तिसरा प्रकार वाट्याचा. पैसा पत्नीचा आणि नाव पतीचे, अशा व्यवहाराला पूर्वी बेनामीची बाधा येत असे. १९८८ च्या मूळ कायद्यात पत्नीच्या किंवा अविवाहित कन्येच्या नावे केलेल्या खरेदीला सूट होती. पत्नीच्या पैशाने पतीच्या नावे झालेल्या खरेदीचा विचारच नव्हता. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘जोडीदार’ हा शब्द आला. आता ज्ञात स्रोतातून पैसा दिला असेल, तर जोडीदाराच्या नावे केलेली खरेदी बेनामी ठरत नाही आणि खऱ्या मालकीचा दावा करता येतो. आपल्या उदाहरणातील खरेदी २०१७ ची असल्याने तिला ही सोय आहे. ‘ज्ञात स्रोत’ हे शब्द मात्र काळजीपूर्वक वाचावेत. पगार, व्याज, भाडे, वारसा, बिल असलेले दागिने हे ज्ञात स्रोत. कपाटातील रोकड सिद्ध करता येत नाही, आणि एप्रिल २०१७ नंतर एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाईही आहे.

असा दावा आला की न्यायालय काय पाहते? सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. पैसा कोठून आला, खरेदीनंतर ताबा कोणाकडे होता, दुसऱ्याचे नाव लावण्यामागे हेतू काय होता, उभयतांचे नाते काय, मूळ कागद कोणाच्या हाती असत आणि नंतर मिळकतीचा कारभार कोण पाहत असे. पती-पत्नी एकाच घरात राहत असल्याने ताबा आणि नाते यांतून फारसे निष्पन्न होत नाही. पैसा कोठून आला हीच कसोटी निर्णायक ठरते, आणि ती सिद्ध करण्याचा भार जी मागते तिच्यावर असतो.

आता उरले हप्त्यांचे १२ लाख ६० हजार. येथे बँकेचे गणित समजून घ्यावे लागते. सात वर्षांत एकूण सुमारे बत्तीस लाख ऐंशी हजार रुपये हप्त्यांत गेले, पण मुद्दल फिटले केवळ आठ लाख वीस हजारांच्या आसपास. बाकी सारे व्याज. आरंभीच्या वर्षांत हप्त्यातील मोठा भाग व्याजाचाच असतो. त्या प्रमाणात पाहिले तर तिच्या रकमेतून किमतीकडे तीन लाखांहून थोडे अधिक गेले. प्रतिपक्ष हेच मांडेल, आणि त्यापुढे जाऊन म्हणेल की दरमहा दिलेले पंधरा हजार हा तिचा घरखर्चातील वाटा होता; ती तेथे राहत होती, तिने भाडे दिले नाही. खरेदीनंतर दिलेल्या पैशाबाबत हा बचाव पुष्कळदा टिकतो. रक्कम पतीच्या बचत खात्यात न जाता थेट कर्जखात्यात गेली असती आणि पासबुकात तसा तपशील असता, तर तिची बाजू बळकट झाली असती. हप्त्यासाठीचा आदेश कोणाच्या खात्यावर आहे ही बाब तेवढी क्षुल्लक नाही.

आणि जिने पगार कमावला नाही, पण वीस वर्षे घर सांभाळले, सासू-सासऱ्यांची शुश्रूषा केली, पती निर्धास्तपणे पेढीवर बसू शकला, तिचे काय? मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये गृहिणीचे हे श्रम मिळकत उभी राहण्यातील योगदान मानले आणि पत्नीला निम्मा हिस्सा दिला. वृत्तपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली. पण त्या प्रकरणात पती परदेशी होता, त्याने पाठविलेल्या पैशातून पत्नीने स्वतःच्या नावे मिळकत घेतली होती, आणि दावा पतीने केला होता. नाव पतीचे असताना तो निर्णय जसाच्या तसा उपयोगी पडेल असे समजू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये गृहिणीच्या श्रमाचे मोल मान्य करूनही, त्यावरून पतीच्या नावच्या मिळकतीत मालकी देण्यास कायद्याचा आधार नाही असे म्हटले. मला व्यक्तिशः मद्रासचा विचार अधिक न्याय्य वाटतो. परंतु महाराष्ट्रातील भगिनीला त्यावर विसंबून राहण्याचा सल्ला मी देणार नाही.

मालकी नसली तरी राहण्याचा हक्क वेगळा आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ अन्वये विवाहितेला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कोणाच्याही नावे असो. छळ होत असेल तर दंडाधिकारी तिला घराबाहेर काढण्यास आणि पतीने घर विकण्यासही मनाई करू शकतात. सासऱ्यांच्या नावच्या घरालाही हे लागू होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरविले. घटस्फोटात पोटगी ठरविताना पतीला मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. त्यात ही सदनिका येते आणि पोटगीचा बोजाही तिच्यावर चढविता येतो. म्हणजे नव्वद लाखांच्या घराचा विचार होतो, पण पोटगीच्या रूपाने; हिस्सा म्हणून नव्हे.

व्यापारी घरांत एक धोका आणखी असतो. दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी बँक अतिरिक्त तारण मागते आणि राहते घर गहाण पडते. एकटा पती मालक असेल तर त्याची एकट्याची सही पुरते; पत्नीला विचारण्याचे बँकेला कारण नसते. पुढे धंदा बसला की जप्तीची नोटीस दारावर लागते तेव्हाच तिला कळते. तिचा राहण्याचा हक्क पतीविरुद्ध चालतो; बँकेच्या गहाणखतापुढे तो सहसा टिकत नाही. ती सहमालक असती, तर तिच्या सहीवाचून ते गहाणखत पूर्ण झालेच नसते.

घर एचयूएफच्या पैशाने घेतले असेल तर मात्र हिशेब बदलतो. मग ते एकट्या पतीचे नाही. पत्नी स्वतः वाटणी मागू शकत नाही, पण पती आणि पुत्रांत प्रत्यक्ष वाटणी झाली तर तिला पुत्राइतका हिस्सा मिळतो.

पती मृत्युपत्र न करता निवर्तला तर पत्नी, पुत्र, कन्या आणि पतीची माता हे सारे समान वाटेकरी. दोन मुले आणि सासूबाई असतील तर पत्नीचा वाटा चौथा. सोसायटीत तिचे नामनिर्देशन असले तरी तिला चौथाच मिळेल. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. आणि स्वकष्टार्जित सदनिका पती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो.

हे सारे टाळायचे तर उत्तम वेळ करारनाम्याची. पत्नीचा पैसा किमतीत जाणार असेल तर तिचे नाव खरेदीदार म्हणून घालावे आणि हिस्साही लिहावा, पंचवीस टक्के तर पंचवीस टक्के. हिस्सा लिहिला नाही तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात तो मानला जातो, आणि तेही सिद्ध न झाल्यास समसमान. काही जण सारी सदनिका पत्नीच्या एकटीच्या नावे घेतात, कारण महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे निवासी खरेदी झाली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पतीचे नाव जोडले की ती मिळत नाही.

खरेदी आधीच झाली असेल तर पतीने अविभाज्य हिस्स्याचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. निवासी मिळकत पत्नीस बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. स्थानिक अधिभार किती पडतो ते निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. कर्ज चालू असल्यास आधी बँकेचे ना हरकत पत्र आणावे. बक्षीस दिलेल्या हिस्स्याचे भाडे प्राप्तिकरासाठी पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हे सी. ए. साहेबांना विचारून ठेवावे. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीपुढे लिहिलेल्या कागदाने मालकी जात-येत नाही. सोसायटीच्या भाग दाखल्यावर सहयोगी सभासद म्हणून नाव चढविल्यानेही नाही.

आपल्या उदाहरणातील भगिनीने आज काय करावे? सराफाचे बिल किंवा माहेरच्या दागिन्यांच्या पावत्या, विवाहातील छायाचित्रे, २०१७ पासूनचे पगारखात्याचे उतारे, बिल्डरच्या पावत्या आणि कर्जखात्याचा उतारा एवढे प्रथम गोळा करावे. सहकर्जदार म्हणून कर्जखात्याचा उतारा मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे; बँकेचा अधिकारी पतीची परवानगी आणा म्हणाला तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जुने उतारे बँका काही वर्षांनंतर सहजासहजी देत नाहीत, म्हणून यात विलंब करू नये. मग कौटुंबिक न्यायालयात पोटगीच्या अर्जासोबतच मिळकतीविषयीचा दावा दाखल करता येतो. त्यात मुख्य मागणी दहा टक्के मालकी घोषित करण्याची ठेवावी, ती न मिळाल्यास पर्याय म्हणून स्त्रीधनाची किंमत मागावी, आणि निकालापर्यंत सदनिका विकण्यास वा नव्याने गहाण ठेवण्यास मनाई मागावी. मनाई मिळाली की त्या हुकमाची प्रत बँकेच्या शाखेला आणि सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी द्यावी.